विषय: नाव कमी केल्याबाबत

माझी मुलगी वैशाली ही वही वाचते आणि चुका काढते. हे प्रकरण तिने लहानपणाच्या भागातून काढायला सांगितलं. म्हणाली, "बाबा, तेव्हा तुमचे अर्धे केस पिकले होते. हे लहानपण कसं?" मी तिला सांगितलं, वही माझी आहे. माझं लहानपण कधी संपलं ते मला ठाऊक आहे, आणि ते संपलं तेव्हा माझे अर्धे केस पिकलेले होते. ज्याला पटत नसेल त्याने पान उलटावं.

आमचं घर पेणकरपाड्यात, कुडाच्या भिंती, वर कौलं. आज तिथे उभं राहिलं तर चारी बाजूंना लोकांच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, पण तेव्हा दारातून थेट मिठागर दिसायचं आणि त्याच्या पलीकडे खाडी. दिवाळी झाली की आई, बा आणि मी मिठावर. पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच. लाकडी फळीने कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, मीठ ओढून काठावर आणायचं, त्याचा एक खरखर आवाज असतो. दिवसभर तो कानात बसायचा आणि जेवतानाही जायचा नाही. तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट, कधी वालाचं बिरडं. आई भाजीत मीठ घालायची तेव्हा बा दर वेळी एकच बोलायचा, "घाल घाल, घरचाच हाय." आणि दर वेळी एकटाच हसायचा. पायाला भेगा पडायच्या, भेगेत खारं पाणी जायचं. मी त्याची तक्रार इथे करत नाही. मिठावर कोणी हौसेने जात नाही, ते पुढे कळायला हवं म्हणून सांगितलं.

पावसाच्या महिन्यांत मी शाळेत. शाळा म्हणजे एक लांब खोली, चार वर्ग एकाच छपराखाली, आणि साळवी गुरुजी. गुरुजी रत्नागिरीकडचे. बारीक अंगाचे, टोपी सरळ, बोलणं नाकात. ते मारायचे नाहीत, ओरडायचे पण नाहीत. ते फक्त थांबायचे. आपण चुकीचं उत्तर दिलं की ते खडू हातात धरून गप्प उभे राहायचे, बरोबर उत्तर येईपर्यंत. त्यापेक्षा मार परवडला असता. माझ्या बाजूला बसायचा जगन्नाथ. त्याच्या बापाचं किराणाचं दुकान होतं आणि त्याला गुरुजी थांबले की हमखास लघवीला लागायची.

एकदा हुतुतूचं मैदान आखायचं होतं. मोठी पोरं पावलं टाकून, डोळ्याने बघून रेघ मारायला लागली. गुरुजींनी सगळ्यांना थांबवलं. घरातून दोरी आणली, हातभर अंतरावर गाठी मारलेली, एकूण बारा हात. दोन टोकं एकत्र बांधली. तीन हातांवरच्या गाठीला एका पोराला उभं केलं, तिथून चार हातांवर दुसऱ्याला, आणि जिथे टोकं बांधली होती तिथे स्वतः राहिले. तिसऱ्या बाजूला आपोआप पाच हात उरले. म्हणाले, "ओढा. ढिली सोडायची नाही." दोरी ताणली आणि तीन हातांच्या गाठीजवळ जो कोपरा झाला तो बरोबर काटकोन. त्या गाठीवर उभं होतं ते पोर म्हणजे मी. गुरुजींनी विचारलं, "काशिनाथ, तुझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं, दोरी. ते थांबले. मी म्हटलं, गाठ. ते थांबलेच. शेवटी मी म्हटलं, कोपरा. मग ते म्हणाले, "कोपरा डोळ्याने धरायचा नाही. डोळा लबाड असतो. कोपरा दोरीने धरायचा." मग फक्की टाकून रेघा मारल्या. मी गावात पहिल्यांदा एक सरळ गोष्ट बघितली. मिठागराच्या कोंड्या बा डोळ्याने आखायचा, आणि त्या सगळ्या वाकड्या होत्या. ते मला त्या दिवसापासून दिसायला लागलं. हे घरी बोललो तर आईने लाटणं दाखवलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी नेहमीसारखा मिठावर गेलो. महिन्याभराने गुरुजी स्वतः आले, धोतर वर धरून, बांधावरून तोल सांभाळत. आईला म्हणाले, "बाई, मुलगा हुशार आहे. निदान अर्धा दिवस पाठवा." आई फळी न थांबवता म्हणाली, "गुरुजी, शाला थांबंल, मीठ थांबाचा न्हाय. तुमी येताव का फली ओढाला?" बा हसला. मी मान खाली घालून मीठ ओढत राहिलो. गुरुजी थोडा वेळ उभे राहिले, त्यांच्या सवयीने थांबले. पण मिठागरात थांबून कोणाला उत्तर सुचत नाही. ते परत गेले.

पाऊस लागला, शाळा उघडली, मी पाटी धुऊन गेलो. गुरुजी हजेरी घेत होते. एकेक नाव, एकेक "हजर". माझ्या आधीचं नाव आलं, मी हात वर करायच्या तयारीत, आणि त्यांनी माझ्या नंतरचं नाव घेतलं. मला वाटलं चुकले. मी उभा राहिलो. गुरुजी वहीतून मान वर न काढता म्हणाले, "काशिनाथ, तुझं नाव कमी झालं आहे." साहेब तपासणीला येऊन गेले होते, इतके महिने गैरहजर मुलाचं नाव पटावर ठेवता येत नव्हतं, हे सगळं मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की माझं नाव होतं आणि आता नाही. ते पुढे काहीतरी बोलले. "बापाला घेऊन ये" असं असावं. मी ऐकलं नाही. पाटी तिथेच ठेवली आणि निघालो. जग्याने हाक मारली, मागे बघितलं नाही. घरी आईने विचारलं, लवकर कसा आलास? म्हटलं, सुट्टी. ती सुट्टी अजून चालू आहे.

पुढची वर्षं मी या वहीत दुसरीकडे लिहिलेली आहेत. मीठ सुटलं, लादी धरली, हे एवढं पुरे. मीरा रोडला इमारती उठायला लागल्या तेव्हा मी लादी बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. लादीच्या धंद्यात सगळा खेळ पहिल्या कोपऱ्याचा. भिंती कधीच काटकोनात नसतात. बिल्डर कितीही मोठा असो, त्याची भिंत थोडी पळालेली असते. भिंतीला धरून लादी लावत गेलं की समोरच्या टोकाला पोचेपर्यंत पाचर उरते, आणि मग बाई दार उघडते तेव्हा तिला पहिली ती पाचरच दिसते. आमचा मिस्त्री डोळ्याने लावायचा. एक दिवस मी कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फूट मोजले, दुसरीवर चार, आणि तिरकी पट्टी धरली. पाच फूट यायला हवे होते, आले पाच फूट आणि वर दोन बोटं. म्हणजे कोपरा उघडा. मी सूत वेगळं बांधलं. कंत्राटदार पंजाबी होता. त्याने खाली बसून, एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "ये किसने सिखाया?" मी म्हटलं, "स्कूल में." आयुष्यात शाळेचं नाव मी अभिमानाने घेतलं ते तेवढं एकदा, आणि घेतल्यावर तोंड कडू झालं.

साळवी गुरुजी निवृत्त होऊन शांती नगरात मुलाकडे राहतात हे मला ठाऊक होतं. त्यांच्या बिल्डिंगखालून मी सायकलने कामावर जायचो. एकदा ते भाजीच्या गाडीपाशी दिसले, पिशवीत मेथी, टोपी अजून सरळ. मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली. वर्षानुवर्षं मी ती सायकल वळवत राहिलो.

आता मूळ गोष्ट. तेव्हा नुकता सगळ्यांकडे मोबाइल आला होता. ऑगस्टमध्ये एका रविवारी जग्या माझ्याकडे आला. आता तो जगूशेठ, वाळू-सिमेंटचा व्यापारी, गळ्यात चेन, शर्टाच्या खिशात दोन फोन. शाळेने माजी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं होतं आणि हा त्याचा अध्यक्ष. शिक्षकदिनाला साळवी गुरुजींचा सत्कार होता. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपण आज काय काम करतो आणि गुरुजींनी आपल्याला कसं घडवलं यावर एक पानाचं पत्र लिहायचं. सगळी पत्रं टाइप करून, फाईलमध्ये लावून गुरुजींना द्यायची, चार-पाच स्टेजवर वाचायची. मी म्हटलं, "मी लिहितो." जग्या चहा बशीत ओतता ओतता थांबला.

"काश्या, तू ये ना. जेवायला ये, वहिनींना घेऊन ये. पण पत्राचं असं आहे, आम्ही शाळेच्या रजिस्टरवरून यादी काढली. दाखला नेला त्यांचीच नावं आहेत. तुझं नाव नाही त्यात."

"माहीत आहे. कमी केलंय."

"मग माजी विद्यार्थी कसा म्हणू तुला? उद्या कोणीपण उठेल."

"अरे जग्या, तुझ्या बाजूला कोण बसायचं? तू लघवीला पळायचास तेव्हा तुझी पाटी कोण पुसायचं?"

माझी बायको पदर तोंडाला लावून आत गेली. जग्या म्हणाला, "हे पत्रात लिहू नकोस म्हणजे झालं. लिही. बघू काय करता येतं ते." बघू म्हणजे नाही. कंत्राटदारांकडे आयुष्य काढलंय, एवढं कळतं.

मी लिहायला बसलो. कागद आणला चांगला, बिनओळींचा, आणि त्याच्याखाली वैशालीच्या वहीचं ओळींचं पान ठेवलं म्हणजे ओळ वरून दिसते आणि अक्षर सरळ जातं. डावीकडे समास सोडला. आणि लिहिलं. दोन तास लागले. वैशाली तेव्हा अकरावीत. तिने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला हसायला लागली. मी लिहिलं होतं: "प्रति, माननीय साळवी गुरुजी. विषय: शिक्षकदिनाबाबत. महोदय, मी खाली सही करणार अर्ज करतो की..." आणि शेवटी, "तरी वरील बाबीचा सहानुभूतीने विचार व्हावा. सोबत जोडले: काही नाही."

"बाबा, हा नळाचा अर्ज आहे!"

होताच. मी आयुष्यात दुसरं काही लिहिलंच नव्हतं. नळाची जोडणी, विजेचा मीटर, रेशनकार्डात नाव चढवणं, आमच्या पाड्यातले सगळे अर्ज मी लिहायचो. लोक माझ्याकडे यायचे कारण माझ्या अर्जाला साहेब परत पाठवायचा नाही. पण पत्र? पत्र कोणाला लिहिणार? माझी माणसं हाकेवर होती.

वैशालीने मला शिकवलं, आणि नीट शिकवलं, हे इथे कबूल करतो. वर उजवीकडे तारीख आणि ठिकाण. मग मायना. आधी आपण कोण ते सांगायचं, कारण गुरुजींच्या हाताखालून हजारो गेले, नुसत्या नावाने कोण लक्षात राहतं. कुठे बसायचो, कोणाचा मुलगा, ते लिहायचं. मग एकच प्रसंग, दहा नाही. मग आज काय काम करतो आणि त्या प्रसंगाचा कामात उपयोग काय होतो ते उघड दाखवायचं. उगाच स्तुती नको. काही मागायचं नाही. एका पानात संपवायचं, कारण म्हातारी माणसं दुसरं पान चष्मा पुसून वाचतात. आधी कच्चं लिहायचं, मोठ्याने वाचायचं, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडायचं, मग पक्कं. इतकं सगळं सांगून ती कंटाळली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती सायबर कॅफेतून एक छापील कागद घेऊन आली. कॅफेवाल्याकडे तयार होतं म्हणे. त्याने तिला सांगितलं होतं, "टीचर्स डे का रेडी है, नीचे पापा का नाम डालो बस." कागदावर होतं: "आपण माझ्या जीवनसागरातील दीपस्तंभ आहात. आपण ज्ञानाची ज्योत लावून माझ्या जीवनातील अंधार दूर केलात."

मी म्हटलं, "गुरुजींनी कुठली ज्योत लावली? दिवसाची शाळा होती."

"बाबा, असंच लिहितात."

"जे कोणालाही चालतं ते कोणाचंच नसतं. मापाची लादी वेगळी आणि दुकानात पडलेली वेगळी."

बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमी काय लिवणार मग?"

मी म्हटलं, दोरीचं लिहिणार, आणि नाव कमी केल्याचं पण लिहिणार. ती सूप खाली ठेवून बोलली. तिचं बोलणं मला अजून शब्दाशब्दाने आठवतं: "म्हाताऱ्या मान्साचा सत्कार हाय. तिथं तुमचा रडगाना कोनाला पायजे? चांगला लिवा, नायतर लिवू नका." वैशालीही म्हणाली की आभाराच्या पत्रात तक्रार नसते. मी तिला विचारलं, असा नियम कोणी केला? नियम होता, पण कोणाचा ते तिला माहीत नव्हतं. मला आजही वाटतं, ज्याने फक्त चांगलं केलं त्याचे आभार मानणं सोपं आहे, त्यात काय मर्दुमकी? दोरी त्याच माणसाने दिली आणि नावही त्याच माणसाने काढलं. एक लिहून दुसरं गाळलं तर तो कोपरा काटकोन राहत नाही. तिसरी बाजू खोटी पडते.

चार दिवस कामावरून आलो की तेच. पहिल्या कच्च्यात नुसता राग उतरला, फाडलं. दुसऱ्यात नुसतं गोड, तेही फाडलं. तिसरं मोठ्याने वाचलं तेव्हा बायको तांदूळ निवडायची थांबली. तेव्हा समजलं, हे पक्कं. एक गोष्ट मात्र मी वैशालीचं न ऐकता ठेवली. वरची विषयाची ओळ. पत्राला विषय नसतो म्हणाली. माझ्या पत्राला होता. कच्चा कागद माझ्याकडे आहे, घडीवर फाटलाय, त्यावरून उतरवतो:

"पेणकरपाडा. शिक्षकदिन.

आदरणीय साळवी गुरुजींना काशिनाथ बाळाराम याचा नमस्कार.

विषय: माझे नाव कमी केल्याबाबत, व काटकोन दिल्याबाबत.

मी खिडकीकडच्या रांगेत तिसरा बसायचो. बाळाराम मिठागरवाल्याचा मुलगा. तुम्ही आमच्या मिठावर आला होता, तेव्हा माझ्या आईने तुम्हाला फळी ओढायला बोलावले होते, यावरून आठवेल.

मैदान आखताना तुम्ही बारा हातांची दोरी माझ्या हातात दिली आणि कोपरा डोळ्याने धरू नको म्हणून सांगितले. मी आज लादी बसवतो. शांती नगरात आणि आजूबाजूला मी किती घरांत लादी बसवली ते मोजलेले नाही, पण प्रत्येक खोलीत पहिल्यांदा तीन, चार आणि पाच मोजतो. भिंत खोटी असेल तर तिथेच समजते. माझ्या लादीला टोकाला पाचर येत नाही. लोक म्हणतात हात चांगला आहे. हात सगळ्यांचा सारखाच असतो, माझ्याकडे दोरी आहे. ती तुमची.

पुढच्या पावसात तुम्ही पटावरून माझे नाव कमी केले. नियम होता असे नंतर कळले. पण तुम्ही मान वर करून बोलला नाहीत. मी मिठावर हौसेने गेलो नव्हतो, हे तुम्ही स्वतः बघून गेला होता. याचा राग मी धरला आणि अजून सोडलेला नाही. तुमच्या घराच्या अलीकडूनच सायकल वळवून जातो.

हे दोन्ही खरे आहे म्हणून दोन्ही लिहिले. मला काही मागायचे नाही. तब्येतीला जपावे.

आपला विद्यार्थी, काशिनाथ."

शिक्षकदिनाला शाळेचा नवा हॉल भरला होता. मी धुतलेला शर्ट घातला होता, पत्र पाकिटात. दारातच जग्या भेटला. त्याने पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काश्या, पहिला भाग एक नंबर आहे. मधला काढ. आत्ता टाइप करून घेतो, फाईलला लावतो, यादीत नावपण घालतो तुझं. शब्द देतो."

"मधला काढला तर पहिला पण काढ."

"अरे डोकं आहे का? म्हातारा रडला स्टेजवर तर? सगळ्यांसमोर शोभा?"

"तो रडणाऱ्यातला नाही. आपणच रडायचो."

"मग फाईलला नाही लागणार," जग्या म्हणाला आणि कागद माझ्या हातात परत ठेवला. नाव यादीत येत होतं, तेवढा एक परिच्छेद गिळला की झालं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी खिशातलं पेन चाचपलं. पण नाव असं मिळालं असतं तर ते जग्याने दिलेलं नाव झालं असतं. मी म्हटलं, "नको लावूस," आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

गुरुजी स्टेजवर शाल पांघरून खुर्चीत. डोळ्यांना जाड भिंगं. एकेक जण पत्र वाचायला उठला. पहिला बँकेत होता. त्याने वाचलं, आपण माझ्या जीवनसागरातील दीपस्तंभ आहात. टाळ्या. दुसरी महापालिकेत होती. तिने वाचलं, आपण ज्ञानाची ज्योत लावून. टाळ्या. तिसरा उठला आणि त्याच्याही जीवनसागरात तोच दीपस्तंभ निघाला. मी शेजारी बसलेल्या वैशालीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. सगळं गाव त्याच कॅफेत जाऊन आलेलं. स्वतः जगूशेठने वाचलं तेव्हा दीपस्तंभाला मागून एक पोरगी खुदकन हसली. गुरुजी हलले नाहीत. पण मी त्यांना ओळखत होतो. ते थांबले होते. बरोबर उत्तर येण्याची वाट बघत होते.

मी उठलो. रांगांमधून सरळ स्टेजकडे निघालो. स्टेजच्या पायरीवर जग्या आडवा आला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं, लादीचा खोका सरकवावा तसा. वाकून नमस्कार केला आणि कागद गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "मला दिसत नाही. तूच वाच. कोण तू?"

मी म्हटलं, "वाचल्यावर कळेल."

माइकवर वाचलं. विषयाच्या ओळीला लोक हसले. फळी ओढायला बोलावल्याचं आलं तेव्हा जास्त हसले. मग मधला भाग आला आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. माझा आवाज कापला नाही. वैशाली म्हणते कापला. वही माझी आहे.

वाचून झालं. टाळी कोणी वाजवली नाही. वाजवायची की नाही हे कोणाला ठरवता येईना. गुरुजी गप्प. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण त्यांच्या त्या जुन्या थांबण्याइतका तरी. मग नाकातल्या त्याच आवाजात म्हणाले, "नाव कमी केलं हे खरं. पट खरा ठेवायचा म्हणून केलं. मान वर केली नाही, हेही खरं. मान वर केली असती तर कमी करता आलं नसतं."

मला काय बोलायचं होतं ते कागदावर बोलून झालं होतं.

त्यांनी मग विचारलं, "काशिनाथ, हॉल मोठा असला तर काय करतोस? हाच बघ. इथे तीन-चार-पाच पुरेल?"

आयुष्यात एवढा सोपा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "नाही गुरुजी. छोट्या मापात केसाएवढी चूक लपते आणि लांब गेल्यावर वीतभर होते. मोठ्या जागेला सहा, आठ आणि दहा धरतो. त्याहून मोठी असेल तर नऊ, बारा, पंधरा."

गुरुजी खुर्चीत पुढे झाले. "हे मी तुला शिकवलं नव्हतं."

"नाही. हे माझं मी काढलं."

ते हसले. मी त्यांना कधी हसताना बघितलेलं नव्हतं, दात पण नव्हते आता. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. जग्या लगेच फाईल उघडून पुढे आला. आता त्याला तो लावायचा होता, मधल्या भागासकट. गुरुजींनी फाईलवर हात ठेवून ती बंद केली. म्हणाले, "यातलं सगळं मला पाठ झालं आहे." कागदाची त्यांनी चौघडी केली, टोकाला टोक जुळवून, नखाने दाबून, आणि शालीखाली सदऱ्याच्या खिशात ठेवली.

तर शाळेच्या रजिस्टरात माझं नाव आजही नाही. जग्याच्या फाईलमध्येही नाही. शाळेच्या कपाटात ती फाईल आहे, ज्याला दीपस्तंभ मोजायचे असतील त्याने जाऊन मोजावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालो, शांती नगरचं वळण आलं, आणि मी सायकल गुरुजींच्या बिल्डिंगखालून सरळ नेली.